पुढचं शून्य: अ‍ॅडलर-३२ या चेकसमची गोष्ट

आजचा विषय कागदावर फार कोरडा दिसतो. एखादी अक्षरमाला किंवा फाइलचा तुकडा घ्यायचा, त्याचा चेकसम काढायचा आणि तो हेक्साडेसिमलमध्ये ठरावीक रुंदीत छापायचा. पडद्यावर दिसतात फक्त आठ चिन्हं, उदाहरणार्थ `024d0127`. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्यातल्या पहिल्या शून्याबद्दल. ते शून्य छापायचं की गाळायचं, असा साधा प्रश्न वाटतो. पण त्या शून्याकडे नीट पाहिलं असतं, तर एका चेकसमचा कमकुवतपणा पडद्यावरच दिसला असता. प्रत्यक्षात तो एका आंतरराष्ट्रीय प्रमाणकात जाऊन बसला आणि दोन वर्षांनी काढावा लागला.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. मोठा गुणाकार केल्यावर त्याचा ताळा पाहायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आकड्यांची बेरीज करायची, पुन्हा बेरीज करायची, एकच आकडा उरेपर्यंत. दोन्ही बाजूंचा ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चुकलं. जुळला तर? तर उत्तर बरोबर ‘असावं’. कारण ५४ च्या जागी ४५ लिहिलं, तरी ताळा नऊच येतो. बेरजेला आकडा कोणत्या घरात बसलाय ते कळत नाही.

चेकसम म्हणजे संगणकातला ताळाच. फाइल म्हणजे बाइटांची रांग, आणि प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. सगळ्या बाइटांची बेरीज करायची, ती मजकुराबरोबर पाठवायची आणि पलीकडच्याने पुन्हा बेरीज करून जुळवून पाहायची. जुन्या युनिक्सच्या `sum` आज्ञेच्या एका प्रकारात जवळपास एवढंच होतं. आणि त्यात ५४ आणि ४५ ची अडचण जशीच्या तशी होती. "ab" आणि "ba" यांची बेरीज एकच.

दुसरी बेरीज

या अडचणीवर एक देखणा उपाय जॉन फ्लेचर यांनी शोधला. ते अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत होते, आणि त्यांचा लेख १९८२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्या काळी भक्कम उपाय म्हणजे सीआरसी. पीटरसन आणि ब्राउन यांच्या १९६१ च्या लेखापासून तो माहीत होता. पण त्याचं गणित बहुपदींच्या भागाकाराचं. खास सर्किट असेल तर ते पटकन होतं, साध्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम लिहून करायचं तर वेळ खातं. फ्लेचर यांना फक्त बेरीज वापरून काम भागवायचं होतं.

त्यांनी काय केलं? एक बेरीज चालू ठेवली, आणि प्रत्येक पायरीला त्या बेरजेची आणखी एक बेरीज केली. म्हणजे पहिला बाइट पहिल्या बेरजेत गेला की त्यानंतरच्या प्रत्येक पायरीला तो दुसऱ्या बेरजेत पुन्हा पुन्हा मोजला जातो. तीन बाइटांच्या रांगेत पहिला बाइट तीनदा, दुसरा दोनदा आणि तिसरा एकदा मोजला जातो. जागेनुसार वजन बदललं! आता "ab" आणि "ba" वेगळे पडतात.

फ्लेचर यांच्या पद्धतीत बेरीज फार वाढू नये म्हणून तिला २५५ ने भागून बाकी ठेवत. इथे एक फट राहिली. २५५ ला २५५ ने भागलं की बाकी शून्य. म्हणजे ० हा बाइट आणि २५५ हा बाइट या पद्धतीला सारखेच दिसतात. दुसरी फट अशी की नुसत्या शून्यांची रांग दिली तर ती कितीही लांब असो, चेकसम शून्यच. दहा शून्यं आली की हजार, काही कळायला मार्ग नाही.

आता १९९५ मध्ये येऊ. झाँ-लू गायी आणि मार्क अ‍ॅडलर हे दोघे zlib नावाचं, मजकूर दाबून लहान करणारं लायब्ररी-सॉफ्टवेअर लिहीत होते. पीएनजी चित्रं आतून हेच वापरतात. दाबलेला मजकूर उलगडल्यावर तो मूळचाच आहे ना, हे पाहायला त्यांना चेकसम हवा होता, आणि तो जलद हवा होता. अ‍ॅडलर यांनी फ्लेचर यांच्या पद्धतीत दोन बदल केले. पहिली बेरीज ० ऐवजी १ पासून सुरू केली. आणि भाजक म्हणून ६५५२१ घेतला, म्हणजे ६५५३६ च्या खालची सर्वांत मोठी मूळ संख्या. हाच अ‍ॅडलर-३२. मे १९९६ मध्ये आरएफसी १९५० या दस्तऐवजात तो लिहिला गेला.

त्या सुरुवातीच्या १ ची करामत बघा. तीन शून्य बाइट दिले तर पहिली बेरीज १ वरच राहते, पण दुसऱ्या बेरजेत तो १ तीनदा पडतो आणि ती ३ होते. म्हणजे मजकुराची लांबी आपोआप चेकसममध्ये उतरली. शून्यांचीही मोजदाद झाली.

आपण हाताने करू

"abc" घेऊ. या अक्षरांचे बाइट ९७, ९८ आणि ९९. पहिली बेरीज १ पासून सुरू होते, दुसरी ० पासून.

a आल्यावर पहिली बेरीज ९८, दुसरीही ९८. b आल्यावर पहिली १९६, आणि दुसरी ९८ अधिक १९६, म्हणजे २९४. c आल्यावर पहिली २९५, आणि दुसरी २९४ अधिक २९५, म्हणजे ५८९. झालं. ६५५२१ ने भागायची वेळच आली नाही, कारण संख्या फार लहान आहेत. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

आता या दोन बेरजा एका संख्येत भरायच्या. प्रत्येकीला १६ बिट. दुसरी बेरीज वरच्या अर्ध्यात, पहिली खालच्या अर्ध्यात. एकूण ३२ बिट. छापायचं कसं? दशमान पद्धतीत छापलं तर दोन्ही बेरजा एकमेकींत मिसळून जातात, कोणता आकडा कुठून आला ते डोळ्यांना दिसत नाही. हेक्समध्ये मात्र एक चिन्ह म्हणजे बरोबर चार बिट. एका बाइटला दोन घरं, ३२ बिटांना आठ घरं. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० यंत्रांनी आठ बिटांचा बाइट आणि त्याबरोबर ० ते ९ व A ते F ही चिन्हं रूढ केली, तेव्हापासून ही सोय आपल्याला आहे. ५८९ हेक्समध्ये `24d`, आणि २९५ म्हणजे `127`. प्रत्येकीला चार घरं द्यायची, म्हणजे `024d` आणि `0127`. एकत्र `024d0127`.

हे पायथनमध्ये असं दिसतं:

```python
import zlib
s = zlib.adler32(b"abc")
print("%x" % s)      # 24d0127
print("%08x" % s)    # 024d0127
```

`%x` म्हणजे ‘हेक्समध्ये छाप’. `%08x` म्हणजे ‘हेक्समध्ये छाप, किमान आठ घरं भर, आणि कमी पडली तर पुढे शून्यं लाव’. फरक दोन चिन्हांचा.

तुम्ही म्हणाल, पुढचं शून्य गाळलं तर बिघडलं काय? ०५४ आणि ५४ एकच ना? संख्या म्हणून हो. पण चेकसम छापला की तो संख्या राहत नाही. तो यादीत लिहिला जातो, दुसऱ्या यंत्रावर वाचला जातो आणि अक्षराला अक्षर लावून जुळवला जातो. एका बाजूच्या प्रोग्रॅमने `24d0127` लिहिलं आणि दुसऱ्याने `024d0127`, तर फाइल अगदी शाबूत असताना ‘बिघडली’ असा निकाल येतो. जुन्या मंडळींना हे माहीत होतं. बीएसडी पद्धतीचा `sum` आकडा दशमान असला तरी पाच घरांत, पुढे शून्यं लावूनच छापतो, कारण १६ बिटांतली सर्वांत मोठी संख्या, ६५५३५, पाच घरांची आहे.

शून्य मधूनच गळतं तेव्हा

पुढचं शून्य गळालं तर निदान परत लावता येतं. सात चिन्हं दिसली, आठ हवी होती, लावा एक पुढे. खरा घोटाळा होतो तो मधलं शून्य गळाल्यावर. समजा कुणी दोन बेरजा वेगवेगळ्या छापल्या, `%x%x` असं लिहून. "abc" साठी येईल `24d127`. आता हे `24d` आणि `127` आहे, की `24` आणि `d127`? दोन्ही शक्य आहेत. मूळ आकडा परत मिळवायला काहीच उरलं नाही.

एमडी५ सारख्या लांब चेकसममध्ये ही चूक सहज होते, कारण तो १६ बाइटांच्या रांगेच्या रूपात हाती येतो आणि प्रोग्रॅमर एकेक बाइट छापत जातो. रिकाम्या मजकुराचा एमडी५ सगळीकडे एकच:

```
d41d8cd98f00b204e9800998ecf8427e
```

ही ३२ चिन्हं. यात `00`, `04` आणि `09` असे तीन बाइट आहेत ज्यांचं पहिलं घर शून्य आहे. प्रत्येक बाइट `%02x` ऐवजी `%x` ने छापला, तर येतं हे:

```
d41d8cd98f0b24e980998ecf8427e
```

२९ चिन्हं. तीन शून्यं मधूनच गायब, आणि कुठून गेली याची खूण नाही.

ही चूक किती वेळा दिसेल, त्याचा हिशोब सोपा आहे. एखाद्या बाइटचं पहिलं घर शून्य असण्याची शक्यता सोळात एक. सोळाच्या सोळा बाइट त्यातून सुटण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के. म्हणजे एमडी५ मध्ये तीनातले जवळपास दोन निकाल चुकीचे छापले जातील, चूक लगेच सापडेल. पण ३२ बिटांच्या सीआरसीमध्ये पूर्ण संख्या एकदमच छापतात, त्यामुळे फक्त अगदी पुढचं शून्य धोक्यात, सोळात एकदा. "abc" चा सीआरसी-३२ आहे `352441c2`, आठही घरं भरलेली. या एका उदाहरणावर चाचणी घेतली की `%x` लिहिलेला प्रोग्रॅमही पास होतो, आणि काही महिन्यांनी कुठल्यातरी फाइलवर अडतो. म्हणून अशा प्रोग्रॅमची पहिली चाचणी रिकाम्या मजकुरावर घ्यावी. सीआरसी-३२ ने `00000000` द्यायला हवं आणि अ‍ॅडलर-३२ ने `00000001`. नुसतं `0` किंवा `1` आलं तर दोष तिथेच पकडला गेला.

अजून एक जुनं दुखणं सांगून पुढे जाऊ. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत हाच चेकसम कधी ऋण संख्या म्हणून येई. "123456789" चा सीआरसी-३२ हा `cbf43926`. पण सर्वांत वरचा बिट चिन्हाचा समजला गेला तर हेक्समध्ये छापताना `-340bc6da` असं काहीतरी विचित्र दिसतं. तेव्हा लोक `& 0xffffffff` लावून खालचे ३२ बिटच ठेवत. तिसऱ्या आवृत्तीपासून उत्तर नेहमी धनच येतं.

फाइलचे तुकडे

फाइल मोठी असली तर ती एकदम मेमरीत घेत नाहीत, तुकड्या-तुकड्याने वाचतात. अ‍ॅडलर-३२ ला त्याची काही अडचण नाही, कारण दोन बेरजा म्हणजेच आतापर्यंतचा सगळा इतिहास. एका तुकड्याचं उत्तर पुढच्या तुकड्याची सुरुवात म्हणून द्यायचं. किराणा दुकानाच्या वहीत पानाच्या तळाची बेरीज पुढच्या पानाच्या माथ्यावर ओढतात ना, तसंच.

```c
uLong s = adler32(0L, Z_NULL, 0);
while ((n = fread(buf, 1, sizeof buf, f)) > 0)
    s = adler32(s, buf, (uInt)n);
printf("%08lx\n", s);
```

पहिली ओळ सुरुवातीचा १ आणते. लूपमध्ये चुकून दर वेळी नव्याने सुरुवात केली, तर फक्त शेवटच्या तुकड्याचा चेकसम मिळतो. फाइल एका तुकड्यात मावत असेल तोवर हे लक्षातही येत नाही. म्हणून चाचणीची फाइल `buf` पेक्षा मोठी हवी.

zlib च्या आत आणखी एक तुकडा आहे. दर बाइटला ६५५२१ ने भागत बसणं महाग पडतं. म्हणून अ‍ॅडलर यांनी हिशोब केला की सगळे बाइट २५५ असले तरी ३२ बिटांत बेरीज किती बाइटांपर्यंत मावेल. उत्तर आलं ५५५२. तेवढे बाइट नुसते मिळवत जायचं आणि मग एकदा भागायचं. याच्या वेगाचं रहस्य इथे आहे.

दाबलेल्या मजकुराच्या अगदी शेवटी हा चेकसम चार बाइटांत लिहिला जातो. "abc" zlib ने दाबलं की हे ११ बाइट मिळतात:

```
78 9c 4b 4c 4a 06 00 02 4d 01 27
```

शेवटचे चार बघा. `02 4d 01 27`. आपण हाताने काढलेला आकडा, जसाच्या तसा, मोठं घर आधी. gzip मात्र सीआरसी-३२ उलट्या क्रमाने लिहितो, त्यामुळे तिथे `352441c2` च्या जागी `c2 41 24 35` दिसतं. फाइलचे बाइट थेट वाचताना हे ठाऊक नसलं, तर माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

शून्यांनी जे सांगितलं

आता मघाशी मनात ठेवलेली गोष्ट काढा. "abc" ला ६५५२१ ने भागायची वेळच आली नाही.

आठ घरांत छापलेला `024d0127` पुन्हा पाहा. दोन्ही अर्ध्यांच्या सुरुवातीला शून्य. हा योगायोग नाही. सात किंवा त्याहून कमी अक्षरांचा कुठलाही साधा इंग्रजी मजकूर घ्या. एकेक बाइट जास्तीत जास्त १२७, वजनं ७ पासून १ पर्यंत, म्हणजे दुसरी बेरीज जास्तीत जास्त १२७ गुणिले २८ अधिक ७, अर्थात ३५६३. चौथं घर उघडायला ४०९६ लागतात. म्हणून पुढचं शून्य दर वेळी असणारच. पहिल्या बेरजेची गोष्ट तर आणखी वाईट. बाइट कितीही मोठे घेतले, तरी १२८ बाइटांनंतर ती ३२,६४१ च्या वर जात नाही. सोळा बिटांतला सर्वांत वरचा बिट तोवर कधीच लागत नाही. मजकूर २५६ बाइटांचा होईपर्यंत ती ६५५२१ पर्यंत पोचूच शकत नाही.

याचा अर्थ असा की नाव ३२ बिटांचं, पण लहान मजकुरात वापरात येणारे बिट फार थोडे. आणि बिट थोडे म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच चेकसम येण्याची शक्यता जास्त. फार शोधावं लागत नाही. "aca" आणि "bab" घ्या. पहिल्याच्या पायऱ्या ९८, १९७, २९४, त्यांची बेरीज ५८९. दुसऱ्याच्या पायऱ्या ९९, १९६, २९४, त्यांचीही बेरीज ५८९. दोघांचाही चेकसम `024d0126`. तीनही अक्षरं वेगळी, ताळा एक! युक्ती अशी: पहिलं अक्षर एकाने वाढवा, मधलं दोनाने कमी करा, तिसरं एकाने वाढवा. दोन्ही बेरजा जागच्या जागी राहतात. सीआरसी-३२ मध्ये हे घडू शकत नाही. सलग ३२ बिटांच्या आतला कुठलाही बदल तो पकडतोच, आणि तीन बाइट म्हणजे २४ बिट.

zlib मध्ये याने फारसं बिघडत नव्हतं, कारण तिथे मजकूर सहसा मोठा असतो. पण ऑक्टोबर २००० मध्ये एससीटीपी नावाचा नेटवर्क प्रोटोकॉल आरएफसी २९६० म्हणून आला, आणि त्यात अ‍ॅडलर-३२ घेतला गेला. एससीटीपीचं पहिलं काम काय होतं? टेलिफोन एक्स्चेंजांमधले संकेत इंटरनेटच्या पद्धतीने नेणं. कॉल लावा, कॉल तोडा, असे संदेश. हे संदेश आखूड असतात! म्हणजे जिथे हा चेकसम सर्वांत दुबळा, नेमक्या तिथेच त्याची नेमणूक झाली. जोनाथन स्टोन यांनी हे दाखवून दिलं, आणि सप्टेंबर २००२ च्या आरएफसी ३३०९ ने अ‍ॅडलर-३२ काढून त्या जागी सीआरसी-३२सी आणला. स्टोन, स्ट्युअर्ट आणि ओटिस यांच्या त्या दस्तऐवजातला युक्तिवाद साधारण आपण आत्ता केला तोच आहे: १२८ बाइटांच्या पॅकेटमध्ये पहिली बेरीज आपल्या पल्ल्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाही.

दोन्ही बाजूंची यंत्रं वेगवेगळे चेकसम काढत असतील तर ती एकमेकांशी बोलू शकत नाहीत. त्यामुळे चालू प्रमाणकातला चेकसम बदलणं म्हणजे घरात माणसं राहत असताना पाया बदलण्यासारखं. एससीटीपी तेव्हा नवा होता, म्हणून जमलं.

आणि यातला धडा मला छपाईशी जोडावासा वाटतो. `%x` ने छापलं की `24d0127` दिसतं, भरगच्च, सगळी चिन्हं काहीतरी सांगताहेत असं वाटतं. `%08x` ने दहा-वीस छोटे संदेश एकाखाली एक छापले असते, तर डाव्या कडेला आणि मधोमध शून्यांचे दोन सरळ रकाने दिसले असते. चांगल्या चेकसमच्या कुठल्याही घरात सोळाही चिन्हं साधारण सारख्या वेळा यायला हवीत. एखादं घर सतत शून्यच असेल, तर ते घर रिकामं आहे. ठरावीक रुंदीमुळे ते रिकामेपण दिसतं.

श्रोत्यांचे प्रश्न

[प्रश्न: इतका दुबळा आहे तर तो अजून वापरतात कशाला?]

चांगला प्रश्न. त्याचं उत्तर कॅनबेराला सापडतं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी rsync बनवलं. दोन यंत्रांवरच्या जवळपास सारख्या फाइलींमधला फक्त फरक पाठवायचा, हे त्याचं काम. त्यासाठी फाइलच्या प्रत्येक जागेपासून सुरू होणाऱ्या तुकड्याचा चेकसम हवा. लाख बाइटांची फाइल, तर जवळजवळ लाख तुकडे! त्यांनी अ‍ॅडलर यांच्यासारख्याच दोन बेरजा घेतल्या, फक्त भाजक ६५५३६ ठेवला आणि सुरुवातीचा १ वगळला. बेरजेची गंमत ही की खिडकी एका घराने सरकवायला नव्याने मोजावं लागत नाही. "abcd" मध्ये तीन अक्षरांची खिडकी घ्या. "abc" साठी बेरजा २९४ आणि ५८६. आता "bcd" हवं. जाणारा a म्हणजे ९७ वजा करा, येणारा d म्हणजे १०० मिळवा: २९७. दुसऱ्या बेरजेतून तीनदा ९७, म्हणजे २९१ वजा करा, आणि नवी पहिली बेरीज २९७ मिळवा: ५९२. झालं. तुकडा कितीही लांब असो, एवढंच काम. आणि दुबळेपणाचं काय? ते दोघांना ठाऊकच होतं. हा चेकसम जुळला तरच पुढे एमडी४ हा भक्कम चेकसम काढून खात्री करायची. म्हणजे दुबळ्या माणसाला निकाल द्यायला बसवलं नाही, दारावर उभं केलं. एक मात्र लक्षात ठेवा, अ‍ॅडलर काय किंवा सीआरसी काय, हे अपघाती बिघाडासाठी आहेत. कुणी मुद्दाम मजकूर बदलला तर "aca" आणि "bab" सारखी जोडी तो सहज तयार करेल.

[प्रश्न: मी घरी "abc" करून पाहिलं तर वेगळाच आकडा आला.]

`037e0131` आला का? हो म्हणताहेत. मग तुम्ही `echo abc` वापरलंत. `echo` शेवटी नवी ओळ लावतो, म्हणजे १० हा आणखी एक बाइट. पहिली बेरीज ३०५ झाली, दुसरी ८९४. `printf abc` वापरा, म्हणजे `024d0127` येईल.

आणि मराठी मजकूर असेल तर आणखी एक फट आहे. ‘दुसऱ्या’ मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, आणि दुसरा र च्या खाली नुक्ता देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण यूटीएफ-८ मध्ये पहिल्याचे तीन बाइट, दुसऱ्याचे सहा. पहिल्याचा अ‍ॅडलर-३२ `049c0236`, दुसऱ्याचा `0fde0475`. वाचणाऱ्याला अक्षर दिसतं, चेकसमला बाइट दिसतात. म्हणून चेकसम काढण्याआधी मजकूर एकाच रूपात आणून घ्यावा, आणि आकडे जुळले नाहीत तर फाइलला दोष देण्याआधी तिचे बाइट हेक्समध्ये छापून पाहावेत. अर्थात, प्रत्येक बाइट दोन घरांत.